सीसीटीव्हीतील माणसाची उंची: एका दुकानफोडीच्या फुटेजचा प्रकरण अभ्यास

पुढे मांडलेले प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे. त्यातील दुकान, माणसे आणि मोजमापे कोणत्याही एका खऱ्या गुन्ह्यातील नाहीत. मात्र खोलीची मापे, कॅमेऱ्याची जागा आणि चुकांचे आकार अशा कामात नेहमी भेटतात तसेच ठेवले आहेत आणि प्रत्येक आकडेमोड वाचकाला स्वतः करून पाहता येईल अशी आहे.

तालुक्याच्या गावातील एका कापड दुकानात रात्री सव्वादोनच्या सुमारास चोरी झाली. चोर मागच्या बाजूने गोदामात शिरला आणि गोदामातून दुकानात येणाऱ्या आतल्या दारातून पुढे आला. दुकानातील एकमेव चालू कॅमेरा गल्ल्याच्या वर, भिंतीच्या कोपऱ्यात बसवलेला होता आणि त्याची नजर त्या दाराकडे होती. चोराने माकडटोपी घातली होती, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. अंगावर सैलसर जॅकेट आणि पायांत पांढऱ्या तळव्याचे खेळाचे बूट होते. दारातून बाहेर आल्यावर तो सुमारे दीड सेकंद दाराच्या चौकटीसमोरून आडवा चालत गेला आणि मग गल्ल्याच्या आड त्याचे पाय दिसेनासे झाले. पूर्ण माणूस, डोक्यापासून पायापर्यंत, एवढ्याच काळात दिसतो.

संशय दोघांवर होता. एक जण दुकानातला जुना नोकर, उंची १७२ सेंटिमीटर. दुसरा त्याच्या ओळखीचा, उंची १५८ सेंटिमीटर. तपासात पहिला प्रयत्न सरळ होता. दाराच्या चौकटीवर कडी होती, तिची जमिनीपासूनची उंची टेपने मोजली तर १६० सेंटिमीटर भरली. चित्रात चोराचे डोके त्या कडीच्या किंचित वर, साधारण चार सेंटिमीटर वर दिसत होते. म्हणून चोराची उंची १६४ सेंटिमीटर धरली गेली. बुटांचे तीन आणि टोपीचा एक सेंटिमीटर वजा केला की १६० उरतात, आणि १६० हा आकडा १७२ पेक्षा १५८ ला फार जवळचा आहे. संशय साहजिकच बुटक्या माणसाकडे वळला.

या तर्कातील प्रत्येक पायरी वाजवी वाटते. टेप बरोबर लावली होती, कडी बरोबर मोजली होती, बूट आणि टोपीही विसरलेली नव्हती. तरीही उत्तर सुमारे दहा सेंटिमीटरने चुकले होते, आणि ते कुठे चुकले हे पाहणे हाच या अभ्यासाचा गाभा आहे.

डोके कडीजवळ नव्हते, कडीसमोर होते

चौकटीवरची कडी दाराच्या प्रतलात आहे. चोर मात्र त्या प्रतलात नव्हता. तो चौकटीच्या पुढे, कॅमेऱ्याच्या बाजूला चालत होता. याचा पुरावा चित्रातच आहे, कारण त्याच्या शरीराने चौकटीचा काही भाग झाकला आहे आणि ज्याने झाकले तो कॅमेऱ्याला जवळचा असतो. कॅमेरा डोक्याच्या वर असेल तर तेथून डोक्याच्या माथ्यावरून निघालेली दृष्टिरेषा खाली उतरत जाते आणि मागच्या चौकटीवर माथ्यापेक्षा खालच्या जागी टेकते. म्हणजे चित्रात डोके चौकटीवर ज्या उंचीला चिकटलेले दिसते, ती उंची माणसाच्या खऱ्या उंचीपेक्षा नेहमीच कमी असते, आणि माणूस चौकटीपासून जितका पुढे येईल तितकी ती आणखी कमी होत जाते.

हा फरक किती, हे समरूप त्रिकोणांनी काढता येते. या दुकानात कॅमेऱ्याचे भिंग जमिनीपासून २७० सेंटिमीटर उंचीवर होते आणि दाराच्या प्रतलापासून त्याचे आडवे अंतर ५०० सेंटिमीटर होते. चौकटीवर वाचलेली उंची १६४, म्हणजे कॅमेऱ्यापासून १०६ सेंटिमीटर खाली. माणूस कॅमेऱ्यापासून जितक्या अंतरावर असेल त्याला ५०० ने भागून आलेल्या गुणोत्तराने हे १०६ कमी होतात, आणि उरलेले २७० मधून वजा केले की खरी उंची मिळते. चोर दाराच्या ३५ सेंटिमीटर पुढे असेल तर त्याचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर ४६५ होते. १०६ ला ४६५ ने गुणून ५०० ने भागले की ९८.६ येतात, आणि २७० वजा ९८.६ म्हणजे १७१.४ सेंटिमीटर. कडीशी तुलना करून आलेल्या १६४ पेक्षा हे सात सेंटिमीटरहून जास्त आहे, आणि त्यासाठी माणसाने दारापासून जेमतेम दीड वीत पुढे असणे पुरेसे ठरले.

आता प्रश्न असा की हे ३५ सेंटिमीटर कुठून आणायचे. येथे खोलीतील सर्वांत उपयोगी वस्तू कडी किंवा कपाट नसून जमिनीवरची फरशी ठरली. दुकानात दोन फूट चौरस फरश्या बसवलेल्या होत्या आणि त्यांचे सांधे चित्रात अंधुक का होईना दिसत होते. उंबरठ्यापासून पहिला सांधा किती दूर आहे हे जागेवर मोजले, आणि चोराच्या बुटाची टाच उंबरठा व पहिला सांधा यांच्या मध्ये कुठे टेकते हे फ्रेममध्ये पाहिले. रात्रीच्या चित्रात बुटाचा तळ आणि त्याची सावली एकमेकांत मिसळतात, म्हणून एकच आकडा देता आला नाही. टाच दारापासून २५ ते ४५ सेंटिमीटरच्या दरम्यान आहे एवढेच म्हणता आले. वरचीच आकडेमोड २५ ला केली तर उंची १६९.३ येते आणि ४५ ला केली तर १७३.५. म्हणजे पायाच्या जागेत दहा सेंटिमीटर इकडेतिकडे झाले की उंचीत दोन सेंटिमीटरहून थोडी जास्त चूक शिरते.

हे प्रमाण कॅमेऱ्याच्या जागेवर अवलंबून असते, आणि माझ्या मते या विषयात एवढे एक सूत्र पक्के ध्यानात ठेवले तरी पुष्कळ चुका टळतात. कॅमेरा माणसाच्या माथ्यापेक्षा जितका वर असेल त्याला माणसाच्या कॅमेऱ्यापासूनच्या आडव्या अंतराने भागावे. पायाच्या जागेतील चुकीचा तेवढा हिस्सा उंचीत उतरतो. या दुकानात तो सुमारे एक पंचमांश आहे. हाच कॅमेरा माणसाच्या माथ्याच्या पातळीवर असता तर हा हिस्सा जवळजवळ शून्य झाला असता, आणि माणूस कॅमेऱ्यापासून आडव्या दोन मीटर अंतरावर आला असता तर तो वाढून सुमारे एक द्वितीयांश झाला असता. दुकानदार कॅमेरा छताजवळ बसवतात ते चोराचा हात पोहोचू नये आणि सगळी खोली दिसावी म्हणून. उंची मोजण्यासाठी मात्र ती जागा फारच प्रतिकूल आहे.

चित्र मोजण्याआधी चित्र कोणते हे पाहणे

तपासाच्या सुरुवातीला जे फुटेज हाती होते ते डीव्हीआरच्या, म्हणजे कॅमेऱ्याचे चित्रण साठवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यासमोर मोबाइल धरून काढलेले होते. असे चित्रण ओळख पटवायला कधी कधी उपयोगी पडते, परंतु मोजमापासाठी ते बाद समजावे, कारण मोबाइल पडद्याला काटकोनात धरलेला नसतो आणि त्याच्या स्वतःच्या भिंगाची वक्रता चित्रात मिसळते. म्हणून डीव्हीआरमधून मूळ स्वरूपातील फाइल काढून घेतली, तिच्यात नंतर बदल झाला नाही हे पडताळता यावे म्हणून तिचे हॅश मूल्य नोंदवले आणि पुढचे सर्व काम तिच्या प्रतीवर केले.

मूळ फाइलमध्ये एक गोष्ट लक्षात आली. डीव्हीआर ज्या पद्धतीने साठवण करत होता तीत चित्र ९६० रुंद आणि १०८० उंच पिक्सेलचे होते, म्हणजे रुंदी निम्म्याने दाबलेली होती आणि पाहताना ती ताणून १९२० करायची असते. स्वस्त डीव्हीआरमध्ये ही पद्धत सर्रास असते. एखाद्या सॉफ्टवेअरने चित्र न ताणता दाखवले तर माणूस काटकुळा दिसतो आणि पाहणाऱ्याला तो उंच वाटतो. एकाच उभ्या रेषेवरची दोन मापे परस्परांशी ताडून पाहिली तर या दाबण्याने फरक पडत नाही. मात्र कॅमेरा खाली झुकलेला असल्यामुळे चित्रातील उभ्या कडा समांतर न राहता खालच्या बाजूला एकमेकींकडे झुकलेल्या असतात, त्या तिरक्या रेषांवरून मोजायला लागलो की रुंदीचा घोळ उंचीत येतो.

दुसरी गोष्ट भिंगाची. २.८ मिलिमीटरच्या रुंद कोनाच्या भिंगात सरळ रेषा चित्राच्या कडेला गेल्या की बाहेरच्या बाजूला फुगतात. या दुकानातील दार चित्राच्या डाव्या कडेजवळ होते, आणि चौकटीच्या उभ्या लाकडावर पडद्यावर पट्टी धरली तर तिचा मधला भाग पट्टीपासून सुटलेला दिसे. हे सुटणे चौकट सरळ आहे हे गृहीत धरून सॉफ्टवेअरने दुरुस्त करता येते. दुरुस्ती न करता मोजले असते तर आणखी एखाद-दोन सेंटिमीटरची चूक सहज झाली असती, आणि ती कोणत्या दिशेची हे माणूस चित्रात नेमका कुठे उभा आहे त्यावर बदलत राहिले असते.

लोकांना वाटते की खरी अडचण चित्राच्या अस्पष्टपणाची आहे, आणि जास्त पिक्सेलचा कॅमेरा असता तर प्रश्न मिटला असता. या प्रकरणातील हिशेब तसे सांगत नाही. चोर उभा होता त्या अंतरावर एक उभा पिक्सेल म्हणजे चार ते साडेचार मिलिमीटर होते. माकडटोपीची वरची कड मागच्या अंधाऱ्या गोदामात मिसळत होती, त्यामुळे माथा ठरवताना साधारण तीन पिक्सेलची अनिश्चितता धरावी लागली, म्हणजे सव्वा सेंटिमीटर. ही चूक खरी आहे, पण पायाच्या जागेतून येणाऱ्या चुकीपेक्षा लहान आहे. चौपट पिक्सेल मिळाले असते तरी बुटाची टाच सावलीत हरवलेलीच राहिली असती आणि माणूस वाकून चालत असेल तर वाकलेलाच राहिला असता.

उभा माणूस आणि चालणारा माणूस

पोलीस ठाण्यात माणसाची उंची मोजतात ती टाचा जुळवून, पाठ भिंतीला लावून, मान सरळ ठेवून. फुटेजमधील माणूस कधीच तसा उभा नसतो. चालताना दोन्ही पाय जमिनीवर आणि एकमेकांपासून लांब असतात तेव्हा डोके सर्वांत खाली येते, आणि एका पायावर शरीर तोललेले असून दुसरा पाय त्याच्या शेजारून पुढे जात असतो तेव्हा ते सर्वांत वर जाते. या दोन स्थितींत चार-पाच सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि वरच्या स्थितीतही माणूस ताठ उभ्या उंचीपेक्षा थोडा कमीच भरतो.

या फुटेजमध्ये दर सेकंदाला १२ फ्रेम होत्या, म्हणजे एका पावलाच्या काळात सहा-सात फ्रेम मिळत होत्या. त्यांतील माथ्याची जागा एकापाठोपाठ एक मांडली की चढउतार स्पष्ट दिसतो, आणि त्यातील शिखराच्या जवळच्या फ्रेम मोजायला घेता येतात. वर कडीशी तुलना ज्या फ्रेमवर केली होती तीही सुदैवाने शिखराजवळचीच होती. फ्रेम जर सेकंदाला दोन-तीनच असत्या, आणि जुन्या डीव्हीआरवर त्या तशाच असतात, तर शिखर हाती लागले की दरी हे कळायलाच मार्ग राहिला नसता.

चालण्यातला दुसरा भाग अधिक फसवा आहे. उंची मोजताना आपण डोक्याचा माथा आणि त्याच्या बरोबर खाली जमिनीवरचा बिंदू यांची जोडी धरतो. पाय दोन असल्यामुळे हा बिंदू त्यांच्या मध्ये कुठेतरी घ्यावा लागतो. माणूस कॅमेऱ्याच्या दिशेने दहा सेंटिमीटर झुकला असेल तर डोके पायांपेक्षा तेवढे जवळ असते, आणि वरच्याच हिशेबाने उंची दोन सेंटिमीटर कमी मोजली जाते. शिवाय झुकल्यामुळे ती प्रत्यक्षातही कमी झालेली असतेच. चोरी करणारा माणूस खाली पाहत, खांदे आवळून चालतो हे समजण्यासारखे आहे, आणि ते किती हे एकाच कॅमेऱ्याच्या चित्रातून मोजता येत नाही. जागेचे लेसर स्कॅनिंग करून खोलीचे कितीही अचूक प्रतिरूप तयार केले तरी ही अडचण सुटत नाही, कारण ती खोलीत नाही, माणसाच्या देहस्थितीत आहे.

खोलीतील एखाद्या वस्तूऐवजी चित्रातील समांतर रेषा जेथे एकत्र येतात ते लोपबिंदू वापरून एकाच चित्रातून उंची काढण्याची गणिती पद्धतही आहे. ऑक्सफर्डमधील क्रिमिनिसी, रीड आणि झिसरमन यांनी ती २००० च्या सुमारास व्यवस्थित मांडली. या दुकानात फरशीच्या सांध्यांवरून आणि चौकटीच्या कडांवरून ती करून पाहिली, आणि उत्तर १७० ते १७३ च्या घरात आले. दोन पद्धतींची उत्तरे जुळली याचा आनंद मर्यादित ठेवावा, कारण दोन्ही पद्धती त्याच अंधुक टाचेवर आणि त्याच झुकलेल्या डोक्यावर उभ्या आहेत. त्यांचे एकमत गणिताची बेरीज तपासते, गृहीतके तपासत नाही.

माहीत असलेल्या माणसांवर कॅमेरा तपासणे

आतापर्यंतच्या चुका कागदावर बेरजेने जोडून ‘एकूण चूक अमुक’ असे म्हणता येईल, पण त्यावर मला विश्वास वाटत नाही, कारण न सुचलेली चूक त्या बेरजेत कधीच येत नाही. याला एकच समाधानकारक उत्तर आहे: ज्यांची उंची माहीत आहे अशा माणसांना त्याच जागी, त्याच कॅमेऱ्यासमोर चालवायचे, त्याच पद्धतीने त्यांची उंची काढायची आणि ती किती चुकते हे पाहायचे. नेदरलँड्स फोरेन्सिक इन्स्टिट्यूटमधील अभ्यासकांनी अशा चाचणी-माणसांवरून अंदाजाची मर्यादा संख्याशास्त्राने कशी काढावी हे २००८ मध्ये प्रसिद्ध केले.

त्यासाठी आधी कॅमेरा घटनेनंतर हललेला नाही याची खात्री केली. घटनेच्या फुटेजमधील चौकटीचे कोपरे, स्विचबोर्ड आणि कपाटाची कड आजच्या चित्रावर ठेवून पाहिली तेव्हा ती एका पिक्सेलच्या आत जुळली. कॅमेरा साफसफाईत थोडा जरी फिरला असता तर पुढचे सगळे काम वेगळ्या रीतीने करावे लागले असते, म्हणून पंचनाम्याच्या वेळीच दुकानदाराला कॅमेऱ्याला हात लावू नका असे सांगणे फार मोलाचे ठरते. चाचणी रात्रीच घेतली, कारण अंधारात कॅमेरा इन्फ्रारेड प्रकाशावर जातो, काही काळे कापड त्यात पांढुरके दिसते आणि माथ्याची कड दिवसापेक्षा वेगळी भासते. पाच पुरुषांना तशाच प्रकारचे बूट आणि माकडटोपी घालून चौकटीसमोरून चालवले. त्यांची बूट-टोपीसह उंची एकाने मोजली आणि लिफाफ्यात बंद केली; फुटेजवरून अंदाज करणाऱ्याला ती आधी कळू दिली नाही. हे बंधन महत्त्वाचे आहे, कारण टाच कुठे टेकते हे ठरवताना माहीत असलेले उत्तर नकळत हाताला ओढते. खुद्द चोराचा अंदाजही दोघा संशयितांची उंची न पाहता करायला हवा होता. या प्रकरणात पहिला प्रयत्न तसा झाला नव्हता.

| बूट-टोपीसह खरी उंची (सेंमी) | फुटेजवरून अंदाज (सेंमी) | फरक |
|---|---|---|
| १६२.० | १५९.६ | −२.४ |
| १६७.५ | १६६.९ | −०.६ |
| १७१.० | १६७.४ | −३.६ |
| १७६.२ | १७५.० | −१.२ |
| १८३.५ | १७९.० | −४.५ |

प्रत्येक अंदाज कमी आला आहे. सरासरी कमतरता २.५ सेंटिमीटर आहे, आणि चालण्यामुळे डोके खाली येते व माणूस थोडा झुकतो हे पाहता ती अपेक्षित दिशेची आहे. एवढी कमतरता ही पद्धतीची ठरलेली चूक म्हणून अंदाजात परत मिळवता येते. परंतु माणसामाणसातला फरक परत मिळवता येत नाही. कोणी ०.६ ने चुकला, कोणी ४.५ ने, आणि चोर यांपैकी कोणासारखा चालत होता हे आपल्याला माहीत नाही. या विखुरण्याचे प्रमाण विचलन १.६ सेंटिमीटर येते.

येथे एक चूक वारंवार होताना दिसते. प्रमाण विचलनाची दुप्पट करून ‘अधिक-उणे ३.२ सेंटिमीटर’ असे अहवालात लिहिले जाते. तसे लिहिण्यासाठी प्रमाण विचलन पक्के माहीत हवे, आणि पाच माणसांवरून ते पक्के माहीत होत नाही. दुसरी पाच माणसे घेतली असती तर ते १ आले असते किंवा अडीच. लहान नमुन्यासाठी दुपटीऐवजी २.७८ हा गुणक घ्यावा लागतो, आणि आपल्याला सरासरीची नव्हे तर एका नव्या माणसाची मर्यादा हवी असल्यामुळे ती आणखी थोडी वाढते. हिशेब पूर्ण केला की ९५ टक्के खात्रीची मर्यादा अधिक-उणे ४.९ सेंटिमीटर येते. दहा-बारा माणसे चालवली असती तर ती बरीच आटोक्यात आली असती, आणि ज्या प्रकरणात उंचीवर खरोखर काही अवलंबून आहे तेथे तेवढे कष्ट घ्यायला हवेत.

सर्वांत उंच माणसाची कमतरता सर्वांत जास्त आहे, हेही नोंदवून ठेवावे. उंच माणसे जास्त झुकतात असा त्याचा अर्थ असू शकतो किंवा तो माणूसच तसा चालत असेल. पाच जणांवरून यातले काय खरे हे ठरत नाही, म्हणून उंचीनुसार वेगळी दुरुस्ती केलेली नाही.

१७० अधिक-उणे ५ याचा अर्थ

चोराचा मूळ अंदाज १७१.४. त्यात ठरलेली कमतरता २.५ मिळवली की १७३.९ होतात. बुटांचे सुमारे ३ आणि टोपीचा सुमारे १ सेंटिमीटर वजा केला की १६९.९, म्हणजे अनवाणी उंची १७० सेंटिमीटर. बुटाचा तळवा नेमका किती जाड होता हे माहीत नसल्यामुळे सुमारे एका सेंटिमीटरची भर अनिश्चिततेत पडते, पण असंबद्ध चुका वर्गांच्या बेरजेने जोडल्या जातात, म्हणून एकूण मर्यादा अधिक-उणे ५ सेंटिमीटरच राहते. उत्तर १६५ ते १७५ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट पाच इंच ते पाच फूट नऊ इंच.

बुटक्या संशयिताची उंची १५८ आहे, म्हणजे अंदाजापासून १२ सेंटिमीटर दूर आणि मर्यादेच्या बऱ्याच बाहेर. हे दुसऱ्या बाजूनेही पडताळता येते. बूट आणि टोपीसह तो १६२ होतो, चालताना सरासरीने १५९.५ दिसायला हवा. त्याचे डोके चौकटीवर १६४ च्या खुणेशी दिसण्यासाठी त्याला चौकटीच्या मागे, सुमारे २० सेंटिमीटर गोदामाच्या आत असावे लागेल. परंतु फुटेजमधील माणूस चौकट झाकून तिच्या पुढून जातो. पहिल्या प्रयत्नात ज्याच्याकडे संशय वळला होता, त्याला हे फुटेज जवळजवळ वगळते.

जुन्या नोकराची उंची १७२ आहे आणि ती मर्यादेच्या आत, मध्यापासून केवळ दोन सेंटिमीटरवर बसते. येथेच सर्वांत जास्त सावध राहायला हवे, कारण ‘उंची जुळली’ हे शब्द ऐकणाऱ्याच्या मनात पुराव्यासारखे बसतात. भारतातील प्रौढ पुरुषांची सरासरी उंची सुमारे १६५ सेंटिमीटर आणि प्रमाण विचलन सुमारे साडेसहा धरले तर १६५ ते १७५ या पट्ट्यात शंभरांपैकी चाळीसहून अधिक पुरुष येतात. रस्त्यावरून जाणारा कोणीही पुरुष थांबवला तरी तो या फुटेजशी जुळण्याची शक्यता पाचांत दोनहून जास्त आहे. मर्यादा अधिक-उणे ५ ऐवजी ३ असती तरी पाच फूट सात इंचांच्या आसपासच्या माणसाबाबत फारसा फरक पडला नसता. चोर १९० सेंटिमीटरचा असता तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा हीच मर्यादा फारच थोड्या पुरुषांना आत घेते आणि जुळण्याला वजन येते. मोजमापाची चूक दोन्हीकडे तेवढीच असते, तरी त्याच मोजमापाचे मोल माणूस सरासरीच्या किती जवळ आहे यावर ठरते.

संशयितांच्या मोजमापाकडेही तेवढेच लक्ष द्यावे लागते. त्यांनी स्वतः सांगितलेली किंवा परवान्यावर लिहिलेली उंची वापरू नये; ती अनवाणी, भिंतीला लावून, काटकोनी पट्टी माथ्यावर ठेवून मोजावी. माणूस सकाळी उठल्यावर सर्वांत उंच असतो आणि दिवसभरात मणक्यांमधील चकत्या दबून एक ते दोन सेंटिमीटर कमी होतो. त्यामुळे सकाळी मोजलेल्या उंचीची रात्री दोनच्या फुटेजशी तुलना करताना तेवढी ढील ठेवावी लागते. या प्रकरणात त्याने निष्कर्ष बदलत नाही, पण १७५ च्या काठावर एखादा संशयित असता तर बदलला असता.

अहवालातील मताचा परिच्छेद शेवटी असा लिहिला गेला: ‘फुटेजमधील व्यक्तीची अनवाणी उंची १६५ ते १७५ सेंटिमीटरच्या दरम्यान असल्याचे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. ही मर्यादा त्याच जागी, त्याच कॅमेऱ्याने घेतलेल्या पाच व्यक्तींच्या चाचणीवर आधारलेली आहे. १५८ सेंटिमीटर उंचीची व्यक्ती फुटेजमध्ये असण्याची शक्यता अत्यंत कमी आहे. १७२ सेंटिमीटर उंचीची व्यक्ती या मोजमापाने वगळता येत नाही. मात्र प्रौढ पुरुषांपैकी मोठा हिस्सा याच मर्यादेत येत असल्याने या मोजमापावरून तिची ओळख सिद्ध होत नाही.’ मसुद्यात ‘उंची १७० सेंटिमीटर’ असे एक वेगळे वाक्य होते. ते काढून टाकले, कारण एकटा आकडा अहवालातून उचलून आरोपपत्रात जातो आणि त्याच्यासोबतची मर्यादा मागे राहते.